केसांचा रंग ओल्या केसांना लावावा की कोरड्या?

प्रश्न: पांढरे केस झाकायचे आहेत. न्हाल्यावर केस टॉवेलने टिपून लगेच डाय लावला तर चालेल का?

पांढरे केस झाकणारा, डेव्हलपर मिसळून लावायचा कायमचा डाय कोरड्या केसांनाच लावावा, कारण केसांतील पाण्याने मिश्रण पातळ होते, ओघळते आणि कपाळाजवळचे पांढरे केस अर्धवट रंगतात. सांगलीत पार्लर चालवताना मला हे वारंवार दिसते. डेव्हलपर न लागणारा, काही धुण्यांत उतरणारा सेमी-पर्मनंट रंग मात्र टिपलेल्या केसांवर अधिक समान पसरतो, कारण ओलाव्याने केस फुगलेला असतो आणि कोरडी टोके एकदम जास्त रंग शोषत नाहीत. पण तो पांढरे केस पूर्ण झाकत नाही. टिपलेले म्हणजे बटा पिळल्यावर थेंब पडू नये इतके. काही अमोनियारहित डाय ओलसर केसांसाठीच बनवलेले असतात, तेव्हा खोक्यावरील सूचनाच प्रमाण मानावी.