रेझ्युमेत बिल तपासणी कशी दाखवावी

प्रश्न: क्वांटिटी सर्व्हेअरच्या रेझ्युमेत बीओक्यू, रेट अॅनालिसिस, साइट मेजरमेंट आणि ठेकेदाराची बिलं तपासणं कसं लिहू?

चारही कामं एकाच आयटमवर दाखवा, उदाहरणार्थ: “प्लास्टर: ड्रॉइंगवरून बीओक्यू, माल-मजुरीवरून दर, साइटवर मोजमाप. आरए बिलात १.२ × १.५ मीटरच्या खिडक्यांची वजावट नव्हती. आयएस १२०० प्रमाणे प्रत्येकी १.८ चौ.मी. कापले.” बिलिंगच्या मुलाखती मी घेतो, आणि नुसतं ‘बिलं तपासली’ वाचून काहीच कळत नाही. या ओळीवर मात्र लगेच विचारेन, दोन्ही बाजूंची वजावट का नाही? भिंतीला दोन्हीकडे सारखंच प्लास्टर असेल तर ०.५ ते ३ चौ.मी.च्या ओपनिंगची एकाच बाजूची वजावट होते आणि जांबचे वेगळे पैसे मिळत नाहीत. अर्थात करारात मोजमापाची वेगळी पद्धत दिली असेल, तर तीच लागू. आणि क्लायंटचे दर तेवढे छापू नका.