स्लिपांत टीडीएस ४८,०००, फॉर्म १६ मध्ये ३६,०००

प्रश्न: पगाराच्या स्लिपांवरच्या टीडीएसची वर्षाची बेरीज ४८,००० येते, फॉर्म १६ आणि आयकर खात्याच्या २६एएस उताऱ्यात मात्र ३६,०००. खरं काय धरू?

उत्तर: कापलेला कर स्लिपांप्रमाणे ४८,००० धरा, पण रिटर्न भरण्याआधी कंपनीकडून दुरुस्ती करून घ्या, कारण पोर्टल २६एएस मधलीच रक्कम जमेला धरतं. मी पगारपत्रकांचं काम करते. फॉर्म १६ चा भाग अ कंपनीच्या तिमाही विवरणावरूनच निघतो आणि २६एएसही, त्यामुळे ते दोन जुळले म्हणजे बरोबर, असं मुळीच नाही. तिमाहीवार ताडून बघा. दरमहा ४,००० कापले असतील तर प्रत्येक तिमाहीत १२,००० हवेत. एखादी तिमाही कोरी असेल तर बहुधा त्या विवरणात तुमचा पॅन चुकलाय. कंपनीला ते तिमाही विवरण, म्हणजे २४क्यू, दुरुस्त करायला लेखी कळवा. मात्र कंपनीने कर भरलाच नसेल तर दुरुस्तीने भागणार नाही, म्हणून स्लिपा आणि बँकेचा उतारा जपून ठेवा.