आहेराचा डबा पुढे देताना

लग्नात आलेला स्टीलचा डबा तसाच पडून आहे. गणपतीत दुसऱ्यांना भेट दिला तर चालेल का?

चालेल, पण आधी उलटा करून बघा. देणाऱ्याचं नाव नि तारीख बुडाला किंवा काठाखाली कोरलेली असते. कधी झाकणावरही असते आणि नेमकी तीच नजरेतून सुटते. घासून ती जात नाही, उलट ओरखडे उठून संशय वाढतो. असा डबा घरातच तांदळाला लावा.

नाव नसेल तर आहेराची वही काढून देणारा कोण ते बघा. समजा, डबा चिपळूणच्या मामांचा निघाला, तर त्यांच्या भावकीत नको. आरतीला सगळे एकाच ओटीवर जमतात, तिथे तो ओळखला जाणारच. दुसऱ्या वाडीतल्या शेजाऱ्यांना खुशाल द्या. वहीत नोंदच सापडली नाही, तर मात्र राहू दे.