जीडीत ऊसबंदीचा विषय आला तर: दहा जणांत, पंधरा मिनिटांत मुद्दा कसा मांडायचा

प्रश्न: "सर, मी नांदेडला थर्ड इयर मेकॅनिकलला आहे. समर इंटर्नशिपसाठी वाळूजची एक कंपनी कॅम्पसला येणार आहे. आधी अ‍ॅप्टिट्यूड, मग ग्रुप डिस्कशन, म्हणजे जीडी. कॉलेजच्या मॉक जीडीत मला बोलायला चान्सच मिळत नाही, सगळे एकदम बोलतात. चान्स मिळाला तरी मी मध्येच भरकटते. शाळा मराठी मीडियमची. जीडीत नेमकं काय करायचं?"

आधी वेळेचा हिशोब मांड. कॅम्पसच्या जीडीत साधारण आठ ते बारा जण बसवतात आणि पंधरा-वीस मिनिटं देतात. दहा जण आणि पंधरा मिनिटं धरली तर एकेकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. म्हणजे तुला भाषण करायचं नाहीये. वीस-पंचवीस सेकंदांचे तीन किंवा चार तुकडे बोलायचे आहेत. भरकटायला होतं ते बहुतेक याच कारणाने: आपण डोक्यात पूर्ण निबंध घेऊन बसतो आणि संधी मिळाली की तो पहिल्या ओळीपासून वाचायला लागतो. चाळीस सेकंद झाले की कुणीतरी तोडतं, आणि खरा मुद्दा पोटातच राहतो.

विषय जाहीर झाल्यावर विचार करायला एक-दोन मिनिटं आणि कच्चा कागद मिळतो. सगळं तिथे ठरतं, म्हणून तिथलं सविस्तर सांगतो. समज विषय आला, "मराठवाड्यात ऊस लागवडीवर बंदी घालावी का?" आपल्याकडे हा विषय येऊ शकतो, आणि यात सगळे जण लगेच 'हो' आणि 'नाही' असे दोन गट करून भांडायला लागतात. तू कागदावर आधी बाजू लिहू नकोस. विषयातला निर्णयाचा शब्द शोध. इथे तो 'बंदी' आहे. त्याला तीन प्रश्न विचार: बंदी कशावर (लागवडीवर, की नव्या कारखान्यांवर)? कुठे (आठही जिल्ह्यांत, की जिथे कालव्याचं पाणी पोचत नाही तिथे)? आणि आज लोक ऊस का लावतात? मिळालेल्या वेळातला निम्मा वेळ तिसऱ्या प्रश्नावर घालव. कारण बंदीने काय होईल ते लावण्याच्या कारणावर अवलंबून आहे.

आता माहिती. उसाला एका हंगामात साधारण १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतं, आणि मराठवाड्यात सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. उरलेलं पाणी विहीर, बोअर नाही तर धरणातून येतं. हा एका बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. दुसऱ्या बाजूचा भक्कम मुद्दा भावाचा आहे. उसाचा किमान भाव, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरवतं आणि तो देणं कारखान्याला कायद्याने बंधनकारक आहे. सोयाबीन-तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण मोंढ्यातल्या व्यापाऱ्यावर त्या भावाने घेण्याचं बंधन नाही. शेतकरी पाण्याचा धोका घेऊनही ऊस लावतो तो या फरकामुळे. हे दोन मुद्दे शेजारी शेजारी लिहिलेस की तुझी भूमिका आपोआप तयार होते: सरसकट बंदी नको, नव्या कारखान्यांना परवाने थांबवावेत, आणि कमी पाण्याच्या पिकांच्या खरेदीची खात्री आधी द्यावी. कागदावर यासाठी सहा-सात शब्द पुरतात: 'बंदी कशावर, पाणी १५००+, पाऊस ७००, एफआरपी, खरेदी'. पूर्ण वाक्यं लिहिलीस तर बोलताना मान खाली राहील.

या विषयावर कुणीतरी नक्की म्हणणार, "२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, म्हणून ऊस बंद करा." घटना खरी आहे, पण एवढ्यावरून तो निष्कर्ष निघत नाही. शहराला पाणी देणारं मांजरा धरण आटलं होतं, एवढं त्यातून कळतं. ते आटण्यात पावसाचा वाटा किती आणि उसाच्या उपशाचा किती, हे कुणीतरी जोडून दाखवायला हवं. पॅनेल अशीच जागा बघत असतं. पाच जण रेल्वेची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात आणि एक जण विचारतो, "यातून ऊसच कारण आहे हे कसं ठरतं?" त्या एकाच्या नावापुढे खूण होते. असा प्रश्न विचारलास तर स्वतः पुढचं वाक्यही बोल, नाही तर नुसती अडवणूक वाटते. "पाऊस कमी पडला हे तर आहेच. पण ऊस बारा महिने आणि त्याहून जास्त काळ शेतात उभा असतो, म्हणून उन्हाळ्यात, पाणी सगळ्यात कमी असताना, त्याचा उपसा चालू राहतो. सोयाबीन पावसाळ्यातच निघतं. म्हणून प्रश्न फक्त किती पाण्याचा नाही, कोणत्या महिन्यातल्या पाण्याचा आहे." हे सावकाश बोललीस तर पंचवीस सेकंदांच्या आत बसतं. घड्याळ लावून बघ.

बोलण्याच्या प्रत्येक तुकड्याची बांधणी अशीच ठेव: आधीच्या माणसाच्या बोलण्याला जोड, एक मुद्दा, त्याचं एक कारण, आणि थांब. थांबणं अवघड जातं. कारण देऊन झालं की मुलं घाबरून तोच मुद्दा दुसऱ्या शब्दांत सांगतात, आणि मग तिसऱ्या. ऐकणाऱ्याला पहिलं वाक्य पटलेलं असतं, तिसऱ्यापर्यंत त्याचं लक्ष उडतं. आवाज खाली आणून वाक्य संपव. शेवटी "सो... म्हणजे... असं" लटकत राहिलं की तोडणाऱ्याला तीच फट मिळते.

आता चान्स न मिळण्याबद्दल. शांतता होण्याची वाट बघत असशील तर ती होणार नाही. शिरायची जागा म्हणजे समोरच्याचं वाक्य संपून तो श्वास घेतो ती. त्यासाठी तू त्याचं ऐकत असायला हवीस. आपलंच वाक्य मनात घोकत बसणाऱ्याला ती जागा दिसत नाही. शिरताना त्याचं नाव घे, किंवा चेस्ट नंबर दिले असतील तर नंबर घे: "नंबर चारने ठिबकचा मुद्दा काढला, त्याला जोडून..." स्वतःचा उल्लेख ऐकला की तो माणूस गप्प होऊन बघतो, आणि तेवढे दोन सेकंद तुला मिळतात. पहिले दोन शब्द नेहमीपेक्षा जरा मोठ्याने, मग नेहमीच्या आवाजात. नंबर चारच्या मुद्द्यात भर घालायची असेल तर अशी: ठिबकने एकरी पाणी वाचतं, पण वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी एक एकर ऊस लावला तर एकूण उपसा तेवढाच राहतो. म्हणून ठिबकसोबत क्षेत्राची मर्यादाही लागेल.

सगळे एकदम बोलायला लागले, म्हणजे गटाचा मासळी बाजार झाला, तर त्यात आवाज चढवू नकोस. अशा वेळी मुद्द्याऐवजी मांडणीचं वाक्य चालतं: "आपण दोन वेगळ्या गोष्टी बोलतोय, पाणी आणि भाव. आधी पाणी संपवू या का?" एकदा म्हणून बघ. कुणी ऐकलं नाही तर पुढच्या श्वासाच्या जागेवर पुन्हा, तेच शब्द. तिसऱ्यांदा नको. गट सावरायचा प्रयत्न पॅनेलने पाहिलेला असतो.

सुरुवात करण्यासाठी धडपडू नकोस. पहिलं बोलल्याचे गुण तेव्हाच मिळतात जेव्हा पहिला माणूस विषयाची चौकट आखून देतो. "ऊस हे महाराष्ट्राचं महत्त्वाचं पीक आहे" असं म्हणून उघडणाऱ्याला काही मिळत नाही. 'बंदी कशावर, कुठे' हे प्रश्न तुझ्या कागदावर तयार असतील तर खुशाल उघड, नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ये. पण पहिल्या चार-पाच मिनिटांत एकदा तोंड उघडलंच पाहिजे. त्यानंतर जितका उशीर, तितका घसा आवळत जातो.

विरोध करताना माणसाला नाही, मुद्द्यातल्या दुव्याला हात घाल. "तुझं चूक आहे" म्हटलं की समोरचा पुढची पाच मिनिटं फक्त तुला उत्तर देत बसतो आणि दोघांचे गुण जातात. "पाण्याचा आकडा मान्य, पण त्यावरून बंदीच करावी असं का?" यात भांडण होत नाही. तुझाच आकडा कुणी चुकीचा ठरवला आणि त्याचं बरोबर असेल, तर "ठीक आहे, तुमचा आकडा धरू. तरीही पाऊस आणि गरज यात मोठी तफावत राहते" असं म्हणून पुढे जा. आठवत नसलेला आकडा ठोकून देऊ नकोस. 'साधारण दुप्पट किंवा जास्त' एवढं म्हटलं तरी युक्तिवाद चालतो.

गप्प बसलेल्याला बोलतं करणं चांगलं. पण "तुम्ही काहीच बोलला नाहीत" असं म्हणून सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळवल्या तर तो आणखी मिटतो, आणि गुण मिळवायची युक्ती म्हणून ते लगेच ओळखू येतं. तो बोलायला तोंड उघडून दोनदा थांबला असेल तर "नंबर सात काही सांगत होते" एवढंच म्हण.

इंग्रजीबद्दल: पॅनेल सुरुवातीला भाषा सांगतं. सांगितलं नाही तर हात वर करून विचार, त्यात वावगं काही नाही. इंग्रजीच असेल तर आठ-दहा शब्दांची वाक्यं कर. मराठी मीडियमची मुलं अडतात ती शब्दांवर कमी, लांब वाक्यावर जास्त. मराठीत जुळवलेलं लांबलचक वाक्य इंग्रजीत उलथताना मधेच तुटतं. 'हमीभाव' किंवा 'ठिबक' यांचे इंग्रजी शब्द आणि दोन-चार जोडवाक्यं आधीच पाठ असू देत, म्हणजे डोकं मुद्द्यासाठी मोकळं राहतं. शेजारच्या मैत्रिणीशी हळूच मराठीत बोलणं मात्र टाळ. बाकीचा गट त्यातून बाहेर पडतो.

शेवटी पॅनेलने समारोप करायला सांगितला तर तीस-चाळीस सेकंदांत फक्त गटात जे झालं ते सांग: कशावर एकमत झालं, कशावर नाही, आणि का नाही. इथे स्वतःचा नवा मुद्दा घुसवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. एकमत झालेलं नसताना ते झालं असं सांगणं ही दुसरी.

सरावाला हॉस्टेलमधले सहा-आठ जण पुरे. मधोमध फोन ठेवून रेकॉर्डिंग कर आणि नंतर ऐकताना दोन गोष्टी मोज: तुझा प्रत्येक तुकडा किती सेकंदांचा होता, आणि तुझ्यानंतर बोललेल्याने तुझा मुद्दा उचलला का. तुकडा चाळीसच्या पुढे जात असेल तर कारणानंतर न थांबल्यामुळे जातोय. मुद्दा कुणीच उचलत नसेल, तर तुकड्याचं पहिलं वाक्य परत ऐक. बहुतेक वेळा त्यात आधीच्या बोलण्याशी जोडच नसते.