आजीची भाकर आणि माझं इंडक्शन

प्रश्न: आजी गॅस सोडायला तयार नाही आणि मला इंडक्शन हवंय. एकाच स्वयंपाकघरात असा वाद तुमच्याकडे झालाय का? शेवटी काय ठरलं?

झालाय, आणि अर्धा अजून मिटलेला नाही. आम्ही नागपूरला महालात राहतो. आमच्याकडे चहा, दूध, वरण, भात इंडक्शनवर गेलं. भाकर आणि भरीत गॅसवर राहिलं. ही वाटणी कशामुळे झाली ते सांगते, कारण तुमच्या घरी ती वेगळी होऊ शकते.

वाद पेटला मे महिन्यात, पंख्यावरून. गॅस चालू असला की पंखा लावता येत नाही, ज्योत फडफडते आणि आच पातेल्याखाली राहत नाही. बाहेर पंचेचाळीस अंश, आत बंद पंखा, आणि आजी शेगडीपुढे पदरानं घाम पुसत उभी. मी म्हटलं, इंडक्शन आणते, पंखा लावून स्वयंपाक कर. आजी म्हणाली, "गर्मी काय आज आली का बाप्पा? अन् काचेवर कुठं सैपाक होते?"

मग आम्ही दोघींनी एक प्रयोग केला. एकच सपाट बुडाचं स्टीलचं पातेलं, त्यात दोन लिटर पाणी, एकदा मोठ्या बर्नरवर आणि एकदा इंडक्शनवर दोन हजार वॉटला. दोन्हीकडे पाणी साधारण सहा-सात मिनिटांत उकळलं. आजी खूश झाली, "पाह्य, बरोबरी झाली." मी तिला पातेल्याचे कान धरायला सांगितले. गॅसवरचे कान फडक्याशिवाय धरवेनात, इंडक्शनवरचे त्या मानानं बरेच थंड होते. खरा फरक तिथे आहे. इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातला वेगानं उलटसुलट होणारा प्रवाह पातेल्याच्या बुडातच वीज फिरवतो आणि बूड स्वतः तापतं. गॅसची ज्योत मात्र पातेल्याला वळसा घालून वर निघून जाते.

आकड्यांत सांगायचं तर ३० अंशांचं दोन लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे ०.१६ युनिट उष्णता लागते. इंडक्शन त्यासाठी ०.१९ युनिटच्या आसपास वीज घेतं. गॅस साधारण २० ग्रॅम जळतो, म्हणजे ०.२६ युनिटच्या जवळपास. त्यातला वरचा भाग पाण्यात जात नाही, स्वयंपाकघरात राहतो. हे ऐकून आजी गप्प बसली, पण मान्य केलं नाही. तिचा पुढचा प्रश्न पैशांचा होता.

आणि पैशांत ती बरोबर निघाली. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट उष्णता असते, त्यातली साठ टक्के कामी आली असं धरलं तर १०८ युनिट. तेवढंच काम इंडक्शनला १२५ ते १३० युनिट विजेत करावं लागतं. आता महावितरणच्या घरगुती बिलात पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग आणि त्यापुढे आणखी महाग. आमच्याकडे उन्हाळ्यात दोन कूलर चालतात, म्हणून इंडक्शनची प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यातच पडते. तुम्ही तुमच्या बिलातला वरच्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार आणि वीज शुल्क मिळवा, १२७ नं गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहा. आमचं गणित मेमध्ये गॅसच्या बाजूनं गेलं. थंडीत कूलर बंद असले की अंतर बरंच कमी होतं. मी आजीला स्पष्ट सांगितलं की मला पैसे वाचवायचे नाहीत, तिचं दुपारचं भाजून निघणं थांबवायचंय. त्यावर ती एवढंच म्हणाली, "मंग चहा-भात कर तिकडं. भाकरीले हात नोको लावू."

भाकरीचं तिचं म्हणणं मी मुद्दाम तपासलं. ज्वारीची भाकर तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकून आजी शेवटी ती थेट जाळावर टाकते. तिथे आच पृष्ठभागावर एकदम बसते, वरचा पापुद्रा घट्ट होतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पापुद्रा उचलते. इंडक्शनवर जाळच नाही. तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवावी लागते. तेही जमलं असतं, पण घरगुती इंडक्शनचं वेटोळं तव्यापेक्षा लहान असतं. आमच्या बिडाच्या मोठ्या तव्याचा मधला भाग भाकर करपवत होता आणि कडेला पीठ कच्चं राहत होतं. आच कमी ठेवून तवा आधी बराच वेळ तापवला की फरक घटतो, पण पाच-सहा माणसांच्या भाकरी करताना तेवढं थांबवत नाही. लहान तव्यावर फुलके मात्र चांगले होतात.

भरताचं वांगंही तसंच. जाळावर साल जळते तो वास गरात उतरतो. झाकण ठेवून तव्यावर केलं तर वांगं शिजतं, भरीत होत नाही. इथे मी आजीच्या बाजूची आहे.

मंद आचेचंही एक पाहून घ्या. स्वस्त इंडक्शन कमी आचेवर खरं तर आच कमी करत नाही. ते काही क्षण जोरात चालतं, काही क्षण बंद राहतं. पातळ बुडाच्या भांड्यात रस्सा खदखदतो, मग शांत होतो, पुन्हा खदखदतो आणि वाटण खाली लागतं. जाड, थर असलेल्या बुडाचं भांडं घेतलं की हे बरंच थांबतं. फोडणीलाही तेच: तेल आधी घाला, आच मध्यम ठेवा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत मधलं तेल धुरावतं.

भांडी विकत घेण्याआधी फ्रिजवरचं चुंबक बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर चालेल. आजीचं पितळी पातेलं, जर्मनचा कुकर आणि एक चकचकीत स्टीलचा डबा, तिन्ही नापास झाले. लोखंडी कढईला चुंबक चिकटलं, पण बूड गोल म्हणून तिला नीट आच मिळेना. कुकर तेवढा आम्ही इतवारीतून इंडक्शनच्या बुडाचा नवा आणला.

आणि प्लग. दोन हजार वॉटचं इंडक्शन जवळपास नऊ अँपिअर ओढतं. मिक्सर लावायच्या सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये ते जोडायचं नाही, एक्स्टेंशन बोर्डवर तर नाहीच. आमच्या जुन्या घरात वायरमनला बोलावून मुख्य बोर्डापासून वेगळी जाड वायर आणि सोळा अँपिअरचं सॉकेट घालून घेतलं. अर्धा तास चालवल्यावर स्विच बंद करून प्लग काढा आणि बाहेरून हात लावून बघा. चांगलाच गरम लागला किंवा जळका वास आला, तर वायरमनला दाखवल्याशिवाय पुन्हा लावू नका.

वीज गेली की आजी शेगडी पेटवते आणि काही बोलत नाही. दुपारचा चहा ती आता स्वतःच इंडक्शनवर ठेवते, पंखा लावून. दिवाळीचा चिवडा कशावर भाजायचा, यावर मात्र अजून एकमत नाही. पोहे मोठ्या कढईत हलवायचे असतात, ती गोल बुडाची आहे, आणि आजी दुसरी कढई घ्यायला तयार नाही.