अमेरिकेतला घटस्फोट, पुण्यातलं लग्न

«ताई, माझं लग्न ठरलंय. मुलगा अमेरिकेत आहे, ग्रीन कार्ड आहे. त्याचं पहिलं लग्न साताऱ्याला झालं होतं. तो म्हणतो, अमेरिकेच्या कोर्टातून घटस्फोट झालाय, कागद आहे. पण पहिली बायको इथे माहेरीच आहे आणि तिने कुठे सही केलेली नाही असं कळलं. लग्न पुण्यात करून मग मला नेणार. हे लग्न कायदेशीर ठरेल का? उद्या मूल झालं तर त्याचं काय?»

तो कागद आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघ. फोटो नको, कोर्टाच्या शिक्क्याची प्रमाणित प्रत माग. मी इथे अमेरिकेत येऊन एकोणीस वर्षं झाली, आणि आपल्या मुलींसाठी दुभाषी म्हणून वकिलांकडे जाऊन बसते. त्यामुळे असले कागद बरेच पाहिलेत. गेल्या वर्षी एक मुलगी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर असाच कागद घेऊन बसली होती. वर न्यायाधीशांची सही, खाली शिक्का, सगळं व्यवस्थित. मी बोट ठेवलं ते मधल्या एका शब्दावर: ‘डिफॉल्ट’. म्हणजे समोरचा पक्ष आलाच नाही आणि कोर्टाने एकतर्फी निकाल दिला. पुढची ओळ नोटीस कशी दिली त्याची होती. वर्तमानपत्रात छापून. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात! जिच्यासाठी ती नोटीस होती ती बाई तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहत होती.

असा निकाल अमेरिकेत चालतो. तुझा होणारा नवरा खोटं बोलत असेलच असं नाही, तो तिथे खरोखर घटस्फोटित असेल. पण साताऱ्याला हिंदू पद्धतीने लागलेलं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली येतं आणि भारतात ते त्याच कायद्याच्या कसोटीवर मोडावं लागतं. हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली वाय. नरसिंह राव यांच्या खटल्यात सांगितलं, आणि ती हकिगत तुझ्या प्रश्नाशी इतकी जुळते की ती तुला माहीत असायलाच हवी. तिरुपतीला १९७५ मध्ये लग्न झालं. नवऱ्याने अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात ९० दिवसांच्या वास्तव्याच्या जोरावर घटस्फोट मिळवला, कारण काय, तर संसार सावरता येण्यापलीकडे मोडलाय. हे कारण आपल्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण म्हणून नाहीच. मग १९८१ मध्ये त्याने भारतात दुसरं लग्न केलं आणि पहिल्या बायकोने द्विभार्येची फौजदारी तक्रार केली. न्यायालयाने मिसुरीचा निकाल मानला नाही.

परदेशी निकाल भारतात कधी टिकतो, तेही त्या निकालात आहे. पहिली बायको स्वतःहून त्या कोर्टात हजर झाली, खटला लढली आणि घटस्फोटाचं कारण आपल्या कायद्यात बसणारं असेल, तर टिकतो. तिने त्या घटस्फोटाला संमती दिली असेल तर टिकतो. ती स्वतःही तिथे कायमची राहणारी असेल आणि कारण आपल्या कायद्यातलं असेल, तरी टिकतो. ती माहेरी आहे आणि तिने सही केलेली नाही एवढं खरं असेल, तर यातलं काहीच तुझ्या बाजूने दिसत नाही.

मग पुण्यातलं लग्न कुठे जातं? हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ ची पहिलीच अट अशी की लग्नाच्या वेळी दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा. ती मोडली की कलम ११ प्रमाणे लग्न मुळातच शून्य, म्हणजे झालंच नाही असं. तेव्हा ‘आपण लग्नाची नोंदणी करून घेऊ, मग काही अडत नाही’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. नोंदणीचा दाखला लग्नाचा पुरावा असतो, शून्य लग्न त्याने वैध होत नाही. शिवाय हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९४ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ८२ आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि पहिलं लग्न दुसऱ्या बायकोपासून लपवलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. तुझ्यापासून लपवलेलं नाही. उलट सगळं माहीत असून उभी राहिलीस, तर गुन्ह्याला साथ दिल्याचा आरोप तुझ्यावरही येऊ शकतो.

हे माहीत असणंच तुझ्यासाठी सगळ्यात महाग पडेल. दुसऱ्या बायकोच्या पोटगीबद्दल १९८८ च्या यमुनाबाई आढाव खटल्यात सर्वोच्च न्यायालय कठोर होतं. तिचं लग्न शून्य, म्हणून ती ‘पत्नी’ नाही, म्हणून पोटगी नाही. पुढे २०१३ मध्ये बादशहा विरुद्ध ऊर्मिला गोडसे या खटल्यात न्यायालय म्हणालं की नवऱ्याने पहिलं लग्न लपवून फसवलं असेल, तर स्वतःच्याच लबाडीचा फायदा घेऊन त्याला पोटगी चुकवता येणार नाही. तो आधार फसवल्या गेलेल्या बाईला मिळाला. तू मात्र आज सगळं ऐकून आहेस, उद्या ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणायला जागा राहणार नाही. एक दार उघडं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुखदेव सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लग्न शून्य ठरवून घेतलं तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी मागता येते. पण ती द्यायची की नाही हे न्यायाधीश दोघांचं वर्तन बघून ठरवतात. ती हमखास मिळेल असं धरून चालू नकोस.

वारसाहक्कात तर काहीच नाही. मृत्युपत्र न करता तो गेला, तर विधवा म्हणून पहिली बायको उभी राहते. विम्यावर किंवा बँकेत तुझं नाव नॉमिनी म्हणून असलं, तरी साधारणपणे नॉमिनीने पैसे घेऊन वारसांपर्यंत पोचवायचे असतात. एवढ्याने मालकी येत नाही.

मुलाबद्दल मात्र मनावर ओझं ठेवू नकोस. कलम १६ मुळे शून्य लग्नातलं मूल औरस ठरतं. त्याच्या माथी काही मारलं जात नाही. हक्क कुठपर्यंत यावर बराच घोळ होता, तो १ सप्टेंबर २०२३ ला रेवणसिद्धप्पा खटल्यात मिटला. मुलाला आई-वडिलांच्या मालमत्तेत हक्क आहे, आणि त्यात वडिलांना वडिलोपार्जित मालमत्तेतून मिळणारा वाटाही येतो. पण मूल त्या एकत्र कुटुंबाचं सहदायाद, म्हणजे जन्मानेच वाटेकरी, होत नाही, म्हणून आजोबांच्या किंवा काकांच्या वाट्यात हात घालता येत नाही.

आकड्यात बघ. समज, गावाकडे १२ एकर वडिलोपार्जित जमीन आहे आणि वाटेकरी तुझा नवरा आणि त्याचा एक भाऊ. आई-वडील हयात नाहीत, पहिल्या लग्नाचं मूल नाही, तुला दोन मुलं आहेत. नवरा मृत्युपत्राविना गेला. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं, म्हणजे त्याच्या वाट्याला ६ एकर. त्याचे वारस तीन: साताऱ्याची पहिली बायको आणि तुझी दोन मुलं. प्रत्येकी २ एकर. तुझा आकडा शून्य. मी हे एकदा एका मुलीच्या आईला कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा त्या बराच वेळ त्या शून्याकडेच बघत बसल्या होत्या.

आता इकडचं. ग्रीन कार्डवाल्याने बायकोसाठी I-130 अर्ज भरताना आधीची सगळी लग्नं, ती कधी संपली आणि त्याचा पुरावा द्यावा लागतो. इथलं इमिग्रेशन खातं साधारणपणे लग्न जिथे लागलं तिथल्या कायद्याने ते वैध आहे का, हे बघतं. म्हणजे लग्न पुण्यात केलंत, तर प्रश्न पुन्हा भारतीय कायद्याकडेच येतो. अर्जात पहिलं लग्न दडवलं तर तो खोटा तपशील ठरतो, आणि पुढे कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. ‘मग अमेरिकेतच लग्न करू’ असं तो म्हणेल. तिथे ते कदाचित चालेल, पण भारतात साताऱ्याची बाई त्याची बायकोच राहील, आणि जमीन-वारशाचे वर सांगितलेले प्रश्न जिथल्या तिथे राहतील. वर तू व्हिसासाठी पूर्णपणे त्याच्यावर अवलंबून असशील. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत इथे पोचलीस, तर ग्रीन कार्डही आधी दोन वर्षांचंच मिळतं आणि त्याच्या अटी काढायला सहसा दोघांनी मिळून अर्ज करावा लागतो. नातं बिघडलं की तेव्हा कळतं कागद कुठे कच्चा राहिला.

यातून सरळ निघायचं असेल, तर पहिलं लग्न भारतातल्या कुटुंब न्यायालयात मोडून घ्यायला सांग. पहिली बायको तयार असेल तर कलम १३ब, परस्पर संमती. वर्षभर वेगळं राहणं ही अट त्यांच्या बाबतीत पूर्ण झालेलीच असेल. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांचा काळ असतो, पण २०१७ पासून योग्य कारण असेल तर न्यायालय तो माफही करू शकतं. परदेशातल्या पक्षाला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहू देण्याची विनंती करता येते, म्हणजे प्रत्येक तारखेला विमान पकडावं लागतंच असं नाही. तिला पोटगी, दागिने जे देणं असेल ते तिथेच लेखी मिटतं, आणि तिचं ते देणं आहेच, हे मला मनापासून वाटतं. ती तयार नसेल तर त्याला कारण दाखवून खटला लढावा लागेल. निकाल लागला तरी अपिलाचे ९० दिवस जाऊ द्या, अपील झालं असेल तर ते संपू द्या. तोवर केलेल्या लग्नाच्या आड कलम १५ येतं.

लग्नाची तारीख आणि हॉल ठरला म्हणून हे पुढे ढकलू नकोस. या आठवड्यात त्याच्याकडून तीन गोष्टी माग: अमेरिकेतल्या निकालाची प्रमाणित प्रत, पहिल्या बायकोला नोटीस कशी पोचली त्याचा कागद, आणि तिने भारतात पोटगीची, घरगुती हिंसाचाराची किंवा नांदायला नेण्याची केस टाकलीय का याचं लेखी उत्तर. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावाने शोध घे, पण कौटुंबिक खटले तिथे सगळे दिसत नाहीत. शक्य असेल तर कोणीतरी वडीलधारं माणूस तिच्या माहेरी पाठव आणि तिलाच विचार. कागद आले की पुण्यातल्या कुटुंब न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाला दाखव, त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या वकिलाला नाही. निकालात ‘डिफॉल्ट’ शब्द असला, तर मला त्याच दिवशी कळव.