दुसरा हप्ता मार्चमध्ये नको, एप्रिलमध्ये पाठवा

प्रश्न: यावल तालुक्यात माझी केळीची शेती आहे. मुलगी आयर्लंडला एक वर्षाचं मास्टर्स करतेय. सप्टेंबर २०२५ मध्ये माझ्या खात्यातून १४ लाख पाठवले, तेव्हा बँकेने २० हजार टॅक्स घेतला. आता १५ एप्रिलच्या आत आणखी १० लाख भरायचेत. बँक म्हणते, आज पाठवले तर ५० हजार लागतील. पतपेढीचं कर्ज काढलं तर कर वाचेल का? आणि मी कधी रिटर्न भरत नाही, मग ते २० हजार बुडाले का?

भाऊ, बुडाले नाहीत. ते तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा आहेत, फक्त मागावे लागतील. आधी दुसऱ्या हप्त्याचं बघू, कारण तिथे तारखेचा प्रश्न आहे.

शिक्षणासाठी स्वतःच्या पैशातून परदेशी रक्कम पाठवली, तर एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, लागत नाही. त्यावरच्या रकमेवर २०२५-२६ मध्ये ५ टक्के लागतो. तुमचे १४ लाख गेले, वरचे ४ लाख, त्याचे २० हजार. मर्यादा संपलेली असल्याने मार्चमध्ये १० लाख पाठवले तर सगळ्या रकमेवर ५ टक्के लागेल. १ एप्रिलला नवं वर्ष आणि नवी १० लाखांची मर्यादा सुरू होते, म्हणजे तोच हप्ता टीसीएसविना जाईल. शिवाय यंदाच्या अर्थसंकल्पानुसार १ एप्रिल २०२६ पासून शिक्षणासाठीचा दर २ टक्के होतोय. मुलीच्या खर्चाला पुढे काही पाठवलंत, तरी वरच्या रकमेवर तेवढाच लागेल.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा असता तर पुढच्या वर्षाची मर्यादा आत्ताच खर्च होते, हे मी लक्षात आणून दिलं असतं. तुमच्या मुलीचं एकाच वर्षाचं आहे, म्हणून थांबण्यातच फायदा आहे. फक्त रक्कम खात्यातून वळती होण्याची तारीख एप्रिलची हवी, त्यामुळे मार्चअखेर पैसे बँकेच्या हवाली करू नका. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी बंद असतात आणि ३ तारखेला गुड फ्रायडे आहे. २ एप्रिलला किंवा सोमवारी ६ तारखेला पाठवा, पैसे पोहोचायलाही वेळ राहील. परदेशी पैसे पाठवताना बँक भरून घेते त्या ए-२ फॉर्मवर कारण शिक्षणाचंच लिहा, कोड S0305. तिच्या खोलीचं भाडं, जेवणखाण यांसाठी पाठवलेले पैसेही शिक्षणातच धरले जातात. चुकून भेट किंवा घरखर्च असं कारण पडलं, तर मर्यादेवरच्या रकमेला २० टक्के दर लागतो.

पतपेढीचं कर्ज नको. कर्जाला टीसीएस नाही हे खरं, पण ते बँकेचं किंवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या संस्थेचं शैक्षणिक कर्ज असावं लागतं. पतपेढी त्यात बसत नाही. आणि समजा बसत असती, तरी १० लाखांवर १२ टक्क्यांनी वर्षाचं व्याज १ लाख २० हजार होतं. उलट ५० हजार सहा महिने अडकले, तर ७ टक्क्यांनी तुमचं नुकसान १,७५० रुपये. परत मिळणाऱ्या कराच्या धास्तीने कर्ज काढणं मला अजिबात पटत नाही.

आता ते २० हजार. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, आणि ठेवीचं व्याज वगैरे बाकी उत्पन्न नव्या करपद्धतीत ४ लाखांच्या आत असेल तर तुमचा कर शून्य, म्हणजे सगळे पैसे परत. त्यासाठी रिटर्न भरावंच लागेल. शेतीचं उत्पन्न ५ हजारांपेक्षा जास्त असलं की ITR-1 चालत नाही, ITR-2 घ्या. शेतीची रक्कम त्यातल्या करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात, Schedule EI मध्ये दाखवायची. ती ५ लाखांवर असेल तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, एकर, स्वतःची की भाड्याची, बागायती की कोरडवाहू हेही तिथेच विचारतात. सातबारा समोर ठेवून भरा आणि केळी व्यापाऱ्याच्या हिशोबपट्ट्या जपून ठेवा. २०२५-२६ साठी मुदत ३१ जुलै २०२६. भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी केली नाही, तर ते रिटर्न ग्राह्य धरत नाहीत.

त्याआधी फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडून बघा. बँकेचं नाव आणि २० हजारांची नोंद तुमच्याच पॅनवर दिसायला हवी. बँकेकडून फॉर्म २७डी हे टीसीएसचं प्रमाणपत्रही मागून घ्या. नोंद दिसत नसेल किंवा मुलीच्या पॅनवर पडली असेल, तर रिटर्नमध्ये नुसती रक्कम लिहून भागत नाही. बँकेला त्या तिमाहीचं टीसीएसचं २७ईक्यू विवरण दुरुस्त करावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून एप्रिलमध्ये हप्ता भरायला शाखेत जाल, तेव्हाच हेही तपासून घ्या.